काजवा, नोंद ७: दिवा पेटलाय, भिंत काळी

शेवटी उजेड पडला, अक्षरशः. मागच्या नोंदीत Blender मधल्या 3D दृश्यात खोली, कॅमेरा आणि गडद निळी भिंत तयार होती, फक्त ‘काजवा’ या काल्पनिक ब्रँडची नारिंगी निऑन पाटी लावायची बाकी होती. तासाभराचं काम वाटलं होतं. चार संध्याकाळी गेल्या.

नळी मनासारखी झाली. अक्षरांच्या कर्व्हला 0.006 मीटर बेव्हल, म्हणजे 12 मिमी जाडी, आणि भिंतीपासून 30 मिमी पुढे. पण रेंडरमध्ये नळी पेटलेली आणि मागची भिंत जशीच्या तशी काळी! उजेडाचं वलय नाही, काही नाही. कागदावरची रंगीत अक्षरं कापून चिकटवल्यासारखं दिसत होतं. मी नळीच्या प्रकाशाची Strength 4 वरून 10, मग 40 केली. भिंत हूं की चूं करेना, आणि रेंडरचे रंग पडद्यासाठी बदलणाऱ्या AgX मुळे नळीचा नारिंगी उडून ती सायीसारखी पांढुरकी झाली. AgX बंद करून Standard लावलं तर नारिंगी थेट पिवळा. लाल चॅनेल आधी छताला टेकतो आणि हिरवा मागून वाढतच राहतो, म्हणून असं होतं. दोन संध्याकाळी मी या नळीशीच झुंजत बसलो, आणि दोष तिचा नव्हताच.

चुकून कळलं. काहीतरी तपासायला प्रकाशाचा रंग पांढरा केला, आणि भिंतीवर झकास निळं वलय उमटलं. म्हणजे उजेड भिंतीपर्यंत पोचत होता, भिंत तो परत देत नव्हती. माझ्या भिंतीचा Base Color, लाल, हिरवा, निळा या क्रमाने, होता 0.02, 0.04, 0.15. नळीचा प्रकाश 1, 0.3, 0.05. दोन्हींचा गुणाकार करा: 0.02, 0.012, 0.0075. हा नारिंगी नाही, हा चहाच्या भांड्याचा तळ आहे. गडद निळ्या रंगात परतवायला लालच नाही, मग वर कितीही ओता. तुमचंही असं होत असेल तर आधी पांढरा प्रकाश लावून बघा, अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

भिंत बदलून 0.12, 0.12, 0.17 केली. लाल एकदम सहापट परतू लागला. आता ती नुसती राखाडी दिसेल अशी भीती होती, म्हणून खोलीतला भरीचा दिवा मंद आणि किंचित निळा केला. नळीपासून दूर भिंत निळी वाटते, जवळ नारिंगी. रंगाच्या डब्यात फारसा निळा नसला तरी डोळ्याला निळा दिसतो, एवढंच हवं होतं.

मग नळीचा पांढुरकेपणा. Light Path नोडचा Is Camera Ray घेऊन Mix च्या Factor ला जोडला, A मध्ये 40, B मध्ये 4, आणि निकाल Strength ला. कॅमेऱ्याला थेट दिसणारी नळी 4 ची, भिंतीवर पडणारा उजेड 40 चा. लबाडी आहे, मान्य. पण ती उघडी पडते तुकतुकीत भिंतीवर: Roughness 0.35 असताना भिंतीतलं प्रतिबिंब नळीपेक्षा प्रखर दिसलं, कारण प्रतिबिंबाला 40 मिळतात. Roughness 0.8 केलं आणि प्रश्न मिटला. चकचकीत टाइल्सवर पाटी हवी असेल तर ही युक्ती विसरा.

वलयाची रुंदी मात्र बक्षिसासारखी मिळाली. सरळ नळीच्या बरोबर मागे उजेड सर्वाधिक, आणि नळी भिंतीपासून जेवढी दूर, तेवढंच बाजूला सरकलं की तो साधारण निम्म्यावर येतो. 30 मिमीला कडा कडक वाटत होती, 45 ला छान पसरली. 70 करून पाहिलं, तर ज च्या आतली पोकळीच भरून गेली. 45 वर थांबलो.

आणि इथे लिहिता लिहिताच एक गोष्ट खटकली. ‘काजवा’ची शिरोरेषा एकसलग, आणि तिला पाच ठिकाणी उभ्या काड्या येऊन चिकटतात. काचेच्या निऑन नळीला अशा फांद्या फुटत नाहीत. ती एकाच वाटेने वळत जाते, आणि नको त्या भागाला काळा रंग फासतात. म्हणजे माझ्या पाटीतले पाचही सांधे खोटे! उभ्या काड्या 8 मिमी खाली थांबवून बघणार होतो, पण त्यापेक्षा शिरोरेषाच 3 मिमी दुधी अॅक्रिलिकची, मागून उजळलेली पट्टी केली तर? नळ्या खाली सुट्या, प्रत्येक अक्षराची आपापली. पट्टीचा उजेड मागे पडेल, म्हणजे वलयाचं गणित पुन्हा मांडावं लागेल. आज रात्री पट्टी कापतो. नळ्यांना हात लावत नाही.