आमची वाटचाल: एप्रिलचा आकडा ऑगस्टमध्ये कसा कळावा?

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातून आम्ही हाउसिंग सोसायट्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, ताळेबंद. नौपाड्यापासून घोडबंदर रोड, ऐरोली, खारघरपर्यंतचे सेक्रेटरी आणि खजिनदार हे आमचे ग्राहक. वर्षाचं शुल्क एप्रिलमध्ये भरायचं असतं, त्यामुळे कोण राहिलं आणि कोण सोडून गेलं ते वर्षातून एकदाच कळतं. सपोर्टला चार माणसं झाली तेव्हा केपीआय, म्हणजे काम कसं चाललंय ते दाखवणारे आकडे, ठरवायची वेळ आली आणि सगळी चर्चा या एप्रिलपाशीच अडली.

नूतनीकरणाचा आकडा महत्त्वाचा खराच, पण तो लॅगिंग, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर येणारा. ऑगस्टमध्ये फोन घेणाऱ्या मुलीने तो बघून करायचं काय? तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, बंद झाल्यावर मागितलं जाणारं रेटिंग लवकर येतं, पण तेही काम उरकल्यावरच. शिवाय आमच्याकडे ते देतात एकतर फार खूश झालेले, नाहीतर फार चिडलेले.

मग आधी इशारा देणारा, लीडिंग आकडा शोधायला आमच्या सपोर्टप्रमुख मॅडमनी सोपा मार्ग काढला. सोडून गेलेल्या सोसायट्यांची आधीच्या सहा महिन्यांची तिकिटं काढली आणि राहिलेल्या तितक्याच सोसायट्यांची शेजारी ठेवली. हा दुसरा गठ्ठा हवाच. नुसत्या गेलेल्यांची तिकिटं वाचली की प्रत्येक उशीर हेच कारण वाटायला लागतं. पहिलं उत्तर किती वेळात गेलं, यात दोन्ही गठ्ठ्यांत फरकच नव्हता. नौपाड्यातले एक खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले, मागे म्हणाले होते, “अहो, तुमचं उत्तर लगेच येतं हो, पण ‘बघतोय’ एवढंच!”

फरक होता तो परत आलेल्या तक्रारींत. एका सोसायटीत थकबाकीच्या व्याजावर पुन्हा व्याज लागत होतं. आमच्या सपोर्टमधल्या मुलाने ते बिल दुरुस्त केलं आणि तिकीट त्याच दिवशी बंद. पण व्याजाची सेटिंग तशीच राहिली, म्हणून पुढच्या महिन्याच्या बिलात तीच चूक, त्याच्या पुढच्यातही तीच. रिपोर्टमध्ये तिन्ही तिकिटं वेळेत सुटलेली दिसत होती. सभासदांची बोलणी मात्र खजिनदार खात होते.

दुसरा फरक बरेच दिवस पडून राहिलेल्या तिकिटांत होता, आणि इथे तिकीट सोडवायला लागणारा सरासरी वेळ चांगलाच फसवतो. तो मोजला जातो बंद झालेल्या तिकिटांवर. समजा आठवड्यात ४० सोपी तिकिटं प्रत्येकी ४ तासांत सुटली आणि सहा अवघड तशीच राहिली. सरासरी ४ तास, सगळं छान. पुढच्या आठवड्यात ३४ सोपी तितक्याच वेळात सुटली आणि टीमने ती सहाही निकालात काढली, प्रत्येकी १० दिवसांनी, म्हणजे २४० तासांनी. आता सरासरी ३९ तासांच्या वर! ज्या आठवड्यात खरं काम झालं तोच कागदावर वाईट. हा आकडा केपीआय केला तर शहाणा माणूस अवघड तिकिटाला हातच लावणार नाही.

म्हणून आम्ही दोनच आकडे धरले. तीन दिवसांहून जुनी किती तिकिटं उघडी आहेत, हे रोज सकाळी मोजायचं. आणि तीच तक्रार पुन्हा आली का, ते दर आठवड्याला. तक्रार परत आली असं धरायला बरेच जण सात दिवसांची मुदत ठेवतात, पण आमच्या कामात ती निरुपयोगी, कारण चूक पुढचं बिल निघाल्यावर दिसते. महिन्याला बिल काढणाऱ्यांसाठी ४० दिवस आणि तिमाही बिलवाल्यांसाठी १०० दिवस अशी मुदत ठेवली.

लीडिंग आकडा टीमच्या हातात असतो. तोच त्याचा उपयोग आणि तीच त्याची खोट, कारण तो वाकवताही येतो. जुनं तिकीट पुन्हा उघडण्याऐवजी नवं काढलं की झालं. त्यामुळे मॅडम तिकीट क्रमांक न बघता सोसायटी आणि विषय जुळवून मोजतात. इन्सेंटिव्ह आम्ही या आकड्यांना जोडला नाही. तो एप्रिलच्या नूतनीकरणावर, सगळ्या टीमला मिळून. यावर माझे आणि भागीदाराचे मतभेद आहेत, असोत.

दर एप्रिलला ते दोन गठ्ठे पुन्हा काढतो. गेल्या खेपेला काही सोसायट्या एकही तक्रार परत आलेली नसताना गेल्या. कमिटी बदलली होती आणि नव्या खजिनदारांचे अकाउंटंट दुसरं सॉफ्टवेअर वापरत होते. हे तिकिटांत दिसणं शक्यच नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात, तेव्हा ऑक्टोबरमध्ये आता तिसरा आकडा बघतो: कमिटी बदललेल्या किती सोसायट्यांत नव्या खजिनदारांनी अजून एकदाही लॉगिन केलेलं नाही. त्यांना फोन आम्हीच करतो.