काथ्या खाली, लॅटेक्स वर: कंबरदुखीसाठी गादी निवडताना

निपाणीत आमची झोपायची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटून गेली तरी धग सोडत असतो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ उभ्यानं जातो. गेल्या वर्षी सकाळी उठताना कंबर धरायला लागली. थोडं हिंडल्यावर ती सैल व्हायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गादी बदलायच्या आधी डॉक्टरांना दाखवलं. पायात मुंग्या येतात का, पाय बधिर होतो का, लघवीवरचा ताबा सुटतो का, हे त्यांनी नीट विचारलं. तसं काही असेल तर गादीचा विचार नंतर, उपचार आधी. मला त्यातलं काही नव्हतं. तेव्हा ते म्हणाले, "आता झोपायची गादी बघा."

आमची जुनी गादी कॉयरची, म्हणजे काथ्याची होती. नारळाच्या काथ्याचे कुरळे केलेले धागे रबराच्या चिकानं एकमेकांना चिकटवून ती करतात. धाग्यांमध्ये मोकळी जागा असल्यानं हवा खेळते आणि उकाड्यात पाठ भिजत नाही. पण काही वर्षांत कमरेखालचे धागे दबतात आणि पुन्हा वर येत नाहीत. आमच्या गादीला मधोमध खोलगट जागा झाली होती आणि कंबर रात्रभर त्या खळग्यात असायची.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "फळीवर झोप, कंबर सरळ होईल." डॉक्टरांनी मात्र मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर केलेला हा अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं आणि त्रास तीन महिन्यांत जास्त कमी झाला होता. गादी कशाची असावी हे त्यात नाही, कडकपणा किती असावा एवढंच आहे. मी कुशीवर झोपते. फळीवर खांदा आणि खुबा टेकतो, मधली कंबर अधांतरी राहते, हे मला स्वतःच्या अंगावर कळत होतंच.

बेळगावला खडेबाजारच्या बाजूनं दुकानं फिरलो, एकदा कोल्हापूरलाही गेलो. सगळीकडे आधी मेमरी फोम दाखवायचे. हात दाबला की ठसा उमटतो आणि सावकाश भरून येतो. हा फोम अंगाच्या उष्णतेनं मऊ होतो, म्हणून शरीराच्या आकाराचा होतो. खांद्याला फार छान वाटतं. पण आमच्यासारख्या खोलीत अडचण तिथेच आहे. एसी दुकानात तो घट्ट असतो, तोच आमच्या मे महिन्याच्या रात्री आणखी मऊ पडणार आणि डिसेंबरच्या थंडीत कडक होणार. शिवाय अंग आत रुतलं की भोवतीची हवा अडते. एका दुकानातले मामा म्हणाले, "वैनी, जेल घातलेला घ्या की, गार लागतंय बघा." हात लावला तर खरंच गार लागला. पण जेल उष्णता शोषतं ती त्याची क्षमता संपेपर्यंतच. नंतर ते अंगाइतकंच गरम होतं आणि उष्णता जायला तेव्हाही वाट हवीच. अर्धा तास पडून राहिले तेव्हा पाठीखालचा गारवा गेलेला होता.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडला तो वजनकाटा. फोमची घनता म्हणजे एका घनमीटरला किती किलो, आणि फोम किती टिकेल याचा अंदाज बराचसा तिच्यावरून येतो. लांबी, रुंदी, जाडी इंचात घेऊन गुणायची आणि ६१,०२४ नं भागायची, की घनमीटर मिळतात. ७५ बाय ३६ ची दोन इंची शीट म्हणजे ५,४०० घनइंच, म्हणजे साधारण ०.०८८५ घनमीटर. एका दुकानात मेमरी फोमची अशी सुटी शीट '५० घनतेची' म्हणून दाखवली. तसं असेल तर ती साडेचार किलोच्या आसपास भरायला हवी. काट्यावर ती २.८ किलो भरली, म्हणजे घनता ३२ च्या जवळपास. असा हलका फोम लवकर बसतो. शिवलेली गादी असेल तर आतला थर असा मोजता येत नाही, म्हणून मी चेन असलेलं कव्हर आणि सुटे थर देणाराच दुकानदार शोधला.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या चिकाला फेस आणून साच्यात भाजलेला फोम. त्याला आरपार बारीक भोकं असतात. तो दाबला की लगेच उसळी मारतो. म्हणून अंग रुतत नाही, कूस बदलताना जोर लागत नाही, आणि थंडी-उन्हानं त्याचा मऊपणा फारसा बदलत नाही. तो चांगलाच जड असतो. वर सांगितलेल्या मापाची दोन इंची शीट ८० घनतेची असेल तर सात किलोच्या पुढे भरते. भोकं पाडलेला साधा फोम लॅटेक्स म्हणून खपवलेला असेल तर काट्यावर लगेच कळतं. मात्र वजनावरून नैसर्गिक आणि कृत्रिम रबराचं मिश्रण ओळखता येत नाही, ते बिलावर लिहून घ्यावं लागतं.

पूर्ण सहा इंच लॅटेक्स आमच्या ऐपतीबाहेरचं होतं, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. खाली चार इंच काथ्या आणि वर दोन इंच लॅटेक्स असं ठरवलं. काथ्या आधार देतो, लॅटेक्स खांद्याला जागा देतो, आणि दोन्हींतून हवा जाते. यांचं वजन ८५ किलो, माझं ६०. एकाच मऊपणाची गादी दोघांना जमणार नव्हती, म्हणून ७५ बाय ३६ चे दोन वेगळे भाग घेतले, यांच्याकडचं लॅटेक्स जरा कडक. घेण्याआधी मी कुशीवर बराच वेळ पडून राहिले आणि यांनी मागून माझ्या मणक्याची रेघ पाहिली. ती सरळ हवी, कमरेशी झोळ नको. उताणं झोपून कमरेखाली हात घालून पाहिला. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, शिरेचना तर फार मऊ.

कव्हर सुती घेतलं. रबरी अस्तराचं पाणीरोधक कव्हर चढवलं असतं तर लॅटेक्सची भोकं बंदच झाली असती. आमच्या पलंगाच्या प्लायलाही सुताराकडून भोकं पाडून घेतली. खाली बंद खोका असेल तर पावसाळ्यात गादीच्या तळाला ओल धरते आणि काथ्याला बुरशीचा वास येतो.

सकाळचं आखडणं पहिल्या आठवड्यात तसंच होतं. नंतर हळूहळू कमी झालं. डॉक्टरांनी दिलेले व्यायामही चालू होते, त्यामुळे सगळं श्रेय गादीला देता येणार नाही. उकाड्यात पंखा लागतोच, लॅटेक्स खोली गार करत नाही. पण पाठ आणि गादी यांच्यामध्ये घाम साचून जाग येणं थांबलं.

सासूबाईंनी सवयीनं गादी गच्चीवर उन्हात टाकायला काढली, तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. कापसाच्या गादीला ऊन दाखवणं चांगलंच, पण लॅटेक्स उन्हानं पिवळं पडतं आणि त्याचा भुगा व्हायला लागतो. ते सावलीत, वाऱ्यावर उभं करायचं. काथ्याचा थर मात्र मी दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याकडचा पायाकडे फिरवते आणि त्यावर आडवी दोरी ताणून बघते. दोरीखाली इंचभर खळगा दिसला की कव्हरची चेन उघडून तेवढा काथ्याच बदलायचा. वरचं लॅटेक्स तेच राहील.