चहातली साखर सोडली, आणि ती डब्यातून परत आली

गेल्या वर्षी माझं एचबीए1सी 6.1 आलं. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. दुसऱ्या दिवसापासून मी बिनसाखरेचा चहा सुरू केला. दोन कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे रोजची 16-17 ग्रॅम साखर गेली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर आकडा जवळपास तोच.

आहारतज्ज्ञ बाईंना मी खाण्याची वही दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "जेवल्यावर तोंडात काय टाकता?" मी म्हटलं, बडीशेप. "ती कुठे लिहिलीय?" खरंच, कुठेच लिहिली नव्हती. ते खाणं आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

घरी आल्यावर मोजायला बसले. चिमूटभर बडीशेप स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर काटा हलतच नाही. म्हणून चिमूट मोजायचा नाद सोडला आणि माझ्यापुरती एक बाटली वेगळी भरून सकाळ-संध्याकाळ ती बाटलीच वजन केली. पहिल्या दिवशी सकाळी 212 ग्रॅम, रात्री 196. दोन जेवणांवर 16 ग्रॅम कशी जाईल? मग लक्षात आलं, मी फक्त जेवल्यावर खात नव्हते. ओट्याशी उभी असताना, फोनवर बोलताना हात बाटलीकडे जायचा, आणि दर वेळी चिमूट नाही, तळहातभर.

आमच्या मिश्रणात निम्मी भाजलेली बडीशेप, पाव भाग खडीसाखर आणि पाव भाग रंगीत बडीशेप. (खडीसाखरेला बाहेर मिश्री म्हणतात, आमच्या गावाकडे मिश्री म्हटलं की दाताला लावायची भाजलेली तंबाखू!) खडीसाखर म्हणजे साखरच, ग्रॅमला 4 कॅलरी, त्यात शंका नाही. रंगीत बडीशेपेत मात्र आत किती बी आणि वर किती साखर, हे मला बघायचं होतं. 20 ग्रॅम घेतली, चहाच्या गाळणीत कोमट पाण्याने धुतली. गुलाबी-हिरवं पाणी गेलं, खाली बारीक, काळपट बिया उरल्या. दोन दिवस उन्हात वाळवल्या आणि वजन केलं: 7 ग्रॅम. धुताना बियांमधलंही थोडं विरघळलं असेल, तरी अंदाजे दोन तृतीयांश साखरच होती.

मग ऑफिसचा हिशेब. टेबलावरच्या वाटीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या दिवसाला तीन, एक गोळी सुमारे 4 ग्रॅम. म्हणजे 12 ग्रॅम, आणि ती जवळजवळ सगळी साखर. रात्री 'औषधी' म्हणून आवळा कँडीचे दोन तुकडे, त्यातली साखर पाकिटावरून काढली तर 7 ग्रॅम. बाटलीतून साडेसहा. बेरीज 25 ग्रॅमच्या वर. चहातून सोडली त्यापेक्षा जास्त साखर मी चघळत होते. जागतिक आरोग्य संघटना जास्तीची साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. तेवढी माझी 'मुखशुद्धी'तच संपत होती. कॅलरी सगळ्या मिळून 130 च्या आसपास, म्हणजे एका पोळीपेक्षा थोड्या जास्त.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, बडीशेप पाचक असते, ती कशाला सोडतेस?" बरोबरच होतं त्यांचं. नुसत्या बडीशेपेचा एक चहाचा चमचा जेमतेम 2 ग्रॅम, 7 कॅलरी, आणि त्यातही चोथाच बराच. अडचण तिच्या सोबत्यांची होती.

इथे मी एक चूक केली. साखर काढून तीळ आणि जवस भाजून घातले, आणि बिनसाखरेचं म्हणून मोकळ्या हाताने खाल्ले. तीळ-जवसात तेल भरपूर. वजनाला वजन धरलं तर त्यांच्यात कॅलरी साखरेपेक्षा जास्तच. साखर गेली, पण कॅलरी वाढल्या. बाटलीचं वजन करत राहिले नसते तर हे कळलंच नसतं.

आता बडीशेपेला सैंधवाचं पाणी लावून तासभर ठेवते, मंद आचेवर ती कुरकुरीत होईपर्यंत भाजते, वर चिमूटभर ओवा. बाटलीत मिठाचा छोटा चमचा कायमचा टाकलाय. तळहात पुढे करायचा नाही, एक चमचा घ्यायचा. ऑफिसात गोळीऐवजी दोन लवंगा. खडीसाखर पाहुण्यांच्या डब्यात आहे, तो डबा वरच्या फळीवर गेलाय.

पुढच्या तपासणीत 5.8 आलं. त्याच काळात मी संध्याकाळी चालायलाही लागले होते, म्हणून सगळं श्रेय बाटलीला देता येणार नाही. काल रात्री बाटली पुन्हा काट्यावर ठेवली. दिवसभरात 4 ग्रॅम कमी झाली होती.