सहा इंची आरसा, नोंद चौथी: गोलाकडून अन्वस्ताकडे, आणि भिंगाच्या दुर्बिणीशेजारी पहिली रात्र

मागच्या नोंदीत आरसा पॉलिश होऊन छान गोल झाला होता. व्यास १५० मिमी, नाभीय अंतर ९०० मिमी, म्हणजे एफ/६. फुको चाचणीत पात्याची धार वक्रता केंद्राशी, म्हणजे आरशापासून १८०० मिमीवर, सरकवली की सगळा आरसा एकदम करडा व्हायचा. दिसायला इतकं सुंदर की हात लावू नये असं वाटायचं. पण गोल आरसा दूरच्या ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणत नाही. कडेचे किरण आरशाच्या थोडे जवळ मिळतात, मधले थोडे लांब. एफ/१० वर हा आरसा गोल ठेवूनही भागलं असतं, एफ/६ वर नाही.

फरक किती, ते आधी कागदावर काढलं. या आरशाला लागणारा अन्वस्त आणि त्याला सर्वांत जवळचा गोल यांच्यात जास्तीत जास्त ०.१७ मायक्रॉनचं अंतर आहे. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली तर तिचा चारशेवा भाग. एवढीच काच काढायची, पण नेमक्या जागची.

मापायला जाड कागदाचा मास्क कापला. त्यात समान क्षेत्रफळाचे तीन झोन ठेवले: केंद्रापासून ४३ मिमीपर्यंत पहिला, ६१ पर्यंत दुसरा, ७५ पर्यंत तिसरा. दिवा जागेवर स्थिर, फक्त पातं पुढे-मागे सरकतं. एका झोनच्या डाव्या-उजव्या खिडक्या एकाच वेळी सारख्या काळवंडल्या की डायल गेजवरचं रीडिंग लिहायचं. अन्वस्तासाठी प्रत्येक झोनचं पातं h²/R इतकं मागे जायला हवं. h म्हणजे झोनचं क्षेत्रफळ निम्म्यात विभागणारी त्रिज्या आणि R म्हणजे १८०० मिमी. झोन समान क्षेत्रफळाचे असले की पायऱ्याही समान येतात, म्हणून मला हीच विभागणी आवडते. माझ्या आरशासाठी प्रत्येक पायरी १.०४ मिमी. मधला झोन शून्य धरला तर दुसरा १.०४ आणि कडेचा २.०८ यायला हवा.

आरसा वर, पिच-लॅप खाली, सेरियम ऑक्साईड पातळ, आणि हात डब्ल्यूच्या आकारात लांब, आरसा बाजूंनी लॅपच्या बराच बाहेर जाईल असा. याने मधली काच जास्त निघते. पहिल्या दहा मिनिटांनंतर रीडिंग आलं ०, ०.७०, १.२५. दिशा बरोबर होती, म्हणून त्याच हाताने अजून आठ मिनिटं. आरसा धुतला, स्टँडवर ठेवला आणि उत्साहात लगेच मापला: कडेला २.०५! घरात सगळ्यांना उठवून सांगणार होतो. आमच्या गटातल्या एका दादांना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, "आत्ताचं रीडिंग खोडून टाक. आरसा रात्रभर तसाच राहू दे, सकाळी परत घे."

सकाळी १.७२ आलं. घासताना काच गरम होते. नंतर कड आधी थंड होऊन आकसते आणि आरसा आहे त्यापेक्षा जास्त अन्वस्त झाल्यासारखा दिसतो. त्या रात्री थांबलो असतो तर कमी दुरुस्तीचा आरसा कोटिंगला गेला असता. तेव्हापासून घासणं संध्याकाळी आणि मापणं सकाळी, हा नियम मी मोडलेला नाही.

पुढच्या खेपेला मात्र हात जास्त झाला. कड २.६० वर गेली, म्हणजे अन्वस्त ओलांडून अपास्ताकडे. घाबरून परत कार्बोरंडमकडे जायची गरज नसते. लॅप नीट दाबून बसवला आणि छोट्या, मधोमध स्ट्रोकने पाच-पाच मिनिटांच्या चार बैठकांत तो गोलाच्या दिशेने मागे आणला. शेवटची तीन सकाळची रीडिंगं सरासरीने ०, १.००, २.१५. इथे थांबलो. कडेची ०.०७ मिमीची चूक ही एकूण दुरुस्तीच्या साडेतीन टक्के आहे आणि माझ्या पात्याची अचूकताही तेवढीच. जानेवारीत ॲल्युमिनियम चढवून आणलं.

आता ज्यावरून गटात नेहमी वाद होतो तो मुद्दा: सारख्याच व्यासाची भिंगाची दुर्बीण जास्त प्रकाश देते का? हो, देते. माझ्याकडे ३८ मिमीचा दुय्यम आरसा वाटेत उभा आहे, तो क्षेत्रफळाचे ६.४ टक्के अडवतो. ॲल्युमिनियम प्रत्येक परावर्तनात साधारण ८८ टक्के परत देतं, आणि परावर्तनं दोन. गुणाकार केला की आयपीसपर्यंत ७२-७३ टक्के पोचतात. दोन काचांच्या भिंगाला हवेला लागणारे चार पृष्ठभाग असतात. साध्या कोटिंगवर प्रत्येकी दीड टक्का गेला तरी ९४ टक्के उरतात. त्या हिशोबाने माझा १५० म्हणजे १३२ मिमीचं भिंग. पण भिंगाच्या दुर्बिणीला मान न मोडता बघायचं तर मागे काटकोनी आरसा लावावाच लागतो. त्याचेही ८८ टक्के धरले तर माझा आरसा १४० मिमीच्या भिंगाइतका ठरतो. ताऱ्यांच्या तेजाच्या मापात फरक ०.१५ प्रतीचा.

हर्शेलच्या काळी हे गणित फार निर्दय होतं. त्याचे आरसे काशासारख्या धातूचे, ताजे असतानाही जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश परत देणारे. दोन परावर्तनांत निम्म्याहून कमी उरायचा. म्हणून १७८९च्या सव्वा मीटरच्या दुर्बिणीत त्याने दुय्यम आरसाच काढून टाकला आणि मुख्य आरसा थोडा तिरपा करून तो नळीच्या तोंडाशी बसून बघायचा.

फेब्रुवारीतल्या अमावस्येला वेल्ह्याच्या बाजूला गटाची १५० मिमी एफ/८ भिंगाची दुर्बीण माझ्या शेजारी लावली. तुलना करताना वर्धन सारखं हवं, नाहीतर आकाशाचा उजळपणा बदलतो आणि डोळा फसतो. तिला १२ मिमीचा आयपीस, मला ९ चा, दोन्हीकडे १०० पट. कर्क राशीतला एम ६७ गुच्छ धरला आणि नकाशाच्या दोन प्रतींवर दिसलेल्या ताऱ्यांना खुणा केल्या. आयपीसवर डोळा टेकवला की गुच्छ दोन्हीकडे सारखाच भरगच्च वाटायचा. शेवटी प्रती ताडून पाहिल्या तर फरक एकाच ताऱ्याचा. भिंगात तो स्थिर होता. माझ्याकडे नजर जराशी बाजूला नेली की यायचा, परत आणली की जायचा. नंतर दोन्ही व्याधावर वळवल्या. भिंगात ताऱ्याभोवती जांभळट वलय होतं, आरशात तारा स्वच्छ पांढरा. त्या वलयातला प्रकाशही भिंगाने गोळा केलेलाच आहे, पण तो नाभीवर आलेला नाही. डोळ्याला त्याचा फारसा तोटा नाही, कॅमेऱ्याला आहे.

हाच न्याय गोल आरशाला लावून बघितला. माझा आरसा गोलच ठेवला असता तर उत्तम फोकसलाही तरंगाची चूक ०.६२ तरंगलांबी राहिली असती, आणि ताऱ्याच्या ठिपक्याच्या मध्याचा उजळपणा एक-चतुर्थांशावर आला असता. बाकीचा प्रकाश आजूबाजूच्या कड्यांत पसरतो. कमी वर्धनावर तेजोमेघ बघताना हे कळतही नाही. पण १०० पटींवर मंद तारे शोधताना ॲल्युमिनियम आणि दुय्यम आरसा मिळून जेवढं खातात, त्याच्या कितीतरी पट नुसता चुकीचा आकार खातो. ९४-९५ टक्क्यांच्या वाढीव कोटिंगबद्दल मला तिघांनी विचारलं. त्याने ०.१५ प्रतीच्या आसपास परत मिळतं. आधी सकाळचं रीडिंग दाखवा, मग कोटिंगचं बोलू.

पुढची नोंद दुय्यम आरशाच्या पकडीची. तीन स्क्रूंपैकी एक घट्ट केला की व्याध लांबट होतो, म्हणजे काचेवर कुठेतरी दाब येतोय.