सुट्ट्याऐवजी दिलेली गोळी

"ताई, ह्यानंच झालं असणार," म्हणत मुलाच्या आईनं मक्याच्या मसाला पफचं पाच रुपयांचं रिकामं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. नऊ वर्षांचा मुलगा तिच्या शेजारी बसला होता. तीन वर्षांचा असल्यापासून तो आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येतो. त्याला दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी आहे. घरात त्याच्यासाठी नाचणी, तीळ, राजगिरा असं सगळं नीट बसलेलं आहे. डबा घरचाच असतो, आणि "ह्यात दूध आहे का?" हे तो स्वतः विचारतो.

चार दिवसांपूर्वी मधल्या सुट्टीनंतर वीसेक मिनिटांत त्याच्या ओठांभोवती आणि मानेवर गांधी उठल्या. शाळेनं घरी फोन केला. आई कामावर होती, म्हणून रामबागेतून आजी रिक्षानं आणायला गेल्या. पित्त उठलंय असं समजून त्यांनी घरी अंगाला आमसुलाचं पाणी लावलं. आमच्याकडे गांधी उठल्या की कुठलीही आजी हेच करते, त्यात त्यांची चूक मी धरत नाही. पण तेवढ्यात खोकला सुरू झाला, आवाज बसला आणि छातीत घरघर ऐकू यायला लागली. शेजाऱ्यांनी स्कूटरवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. तिथं मांडीत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं आणि रात्रभर ठेवून घेतलं. त्वचेसोबत श्वासही अडायला लागला की हेच औषध लागतं. अॅलर्जीची गोळी गांधी शमवते, घसा उघडत नाही.

मी पाकीट उलटं केलं. मक्याचं पीठ, पामोलिन तेल, मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, मसाले. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिनेट असं दुधाचं कुठलंही रूप नाही. अॅलर्जीचे घटक सांगणारी 'कंटेन्स' अशी ओळ कुठं दिसते का म्हणून चिकटवलेली शिवण उलगडून पाहिली, कारण ती बऱ्याचदा तिथंच दडलेली असते. तीही नव्हती. हेच पफ तो घरी दोनदा खाऊन झाला होता.

मग मी मुलालाच विचारलं, "पफशिवाय आणखी काय खाल्लंस?"

"काहीच नाही."

"कुणी काही दिलं?"

तो जरा थांबला. "कँटीनच्या भैयाजींनी आंब्याची गोळी दिली. मी नव्हती मागितली. एक रुपया परत द्यायचा होता ना, सुट्टे नव्हते." आणि घाईघाईनं पुढं म्हणाला, "पण आंबा तर फळ आहे."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन मी कँटीनमध्ये गेले. गल्ल्याशेजारी काचेची बरणी होती आणि तिच्यात पिवळ्या वेष्टनातल्या गोळ्या. एक उघडून वेष्टन टेबलावर सपाट केलं. दोन्ही बाजूंनी आंब्याचं चित्र आणि नाव होतं, घटकांची यादी नव्हती. यात बनवणाऱ्यानं नियम मोडला असं म्हणता येत नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांत १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या वेष्टनाला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती यादी बाहेरच्या मोठ्या पिशवीवर असायला हवी. भैयाजींना पिशवीबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "दीदी, वो तो बरनी में डालके फेंक देते हैं." मागच्या खोलीत एक न फोडलेली पिशवी सापडली. साखर, द्रवरूप ग्लुकोज, वनस्पती तेल, आणि चौथ्या क्रमांकावर दुधाची पावडर. खाली ठळक अक्षरांत 'कंटेन्स मिल्क, सोया'. म्हणजे माहिती शाळेपर्यंत आली होती आणि कचऱ्याच्या डब्यात गेली होती.

एका गोळीत दूध असून असून किती असणार, असं कुणीही म्हणेल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात, पण टक्केवारी तिथं नव्हती. गोळी चार ग्रॅमची आणि पावडर पाच टक्के धरली तर दोन दशांश ग्रॅम पावडर झाली. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत साधारण एक तृतीयांश प्रथिनं असतात, म्हणजे सत्तरेक मिलिग्रॅम. हे जवळजवळ दोन मिलिलिटर दुधाइतकं, अर्ध्या चमच्याहूनही कमी. या मुलाला एवढं पुरतं.

त्या रात्री कँटीन समितीला पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा:

"आपण विकत असलेल्या बारा पाकिटांची लेबलं मी वाचली. साध्या खाऱ्या वेफर्समध्ये दूध नाही, पण त्याच कंपनीच्या क्रीम-कांदा आणि टोमॅटो चवीच्या वेफर्समध्ये आहे. ते बटाट्यात नसून वरून भुरभुरलेल्या मसाल्यात आहे. त्यामुळे 'ही कंपनी चालते' असं मुलांना सांगू नये, प्रत्येक चवीचं पाकीट वेगळं वाचावं. बरणीत ओतायच्या प्रत्येक मालाच्या पिशवीचा घटकांचा भाग कापून बरणीवर चिकटवावा आणि पिशवी बदलली की तोही बदलावा. सुट्ट्याऐवजी गोळी देणं आजपासून बंद करावं, कारण मागून घेतलेल्या वस्तूबद्दल मूल प्रश्न विचारतं, हातावर ठेवलेली वस्तू ते तोंडात टाकतं. आणखी एक. लेबलवर सांगायलाच हव्यात अशा अॅलर्जीच्या पदार्थांच्या आपल्याकडच्या यादीत दूध, अंडी, शेंगदाणा, काजू-बदाम, सोया, गहू, मासे, कोळंबी-खेकडे आहेत, पण तीळ आणि मोहरी नाहीत. तिळाची अॅलर्जी असलेल्या मुलासाठी 'कंटेन्स'च्या ओळीवर विसंबता येणार नाही, पूर्ण यादीच वाचावी लागेल."

समितीनं शनिवारी बोलावलं. शाळांसाठीच्या नियमांमुळे साखर, मीठ, तेलाकडे त्यांचं लक्ष आधीपासून होतं. अॅलर्जीचा विषय मात्र पहिल्यांदाच निघत होता. एका पालकांनी विचारलं, "पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना?" हिरवा ठिपका शाकाहारी असल्याचं सांगतो, आणि दूध शाकाहारीच आहे. दुसऱ्या काकू म्हणाल्या, "माझ्या धाकट्यालाही दूध पचत नाही, पण थोडं चालतं." त्यांच्या मुलाला दुधातली साखर पचत नाही, त्यानं पोट फुगतं, जुलाब होतात. प्रथिनांच्या अॅलर्जीत शरीर दुधावर हल्लाच चढवतं, तिथं 'थोडं' चालत नाही. हा फरक समजावण्यातच अर्धा तास गेला आणि मला तो जरूर घालवावासा वाटला, कारण शिक्षकांनी 'थोड्यानं काय होतंय' म्हटलं की मूल गप्प बसतं.

बरणीवरची लेबलं आणि सुट्ट्यांचा मुद्दा लगेच मान्य झाला. शाळेत अॅड्रेनलिन ठेवण्यावर एकमत झालं नाही, ते कोण देणार या प्रश्नावर गाडी अडली. तूर्त मुलाचा फोटो, लक्षणं आणि सर्वांत जवळच्या दवाखान्याचा नंबर असलेलं कार्ड वर्गात आणि गल्ल्याशी लागलं. ते मला पुरेसं वाटत नाही आणि तसं मी समितीला लेखी कळवलं आहे.

अडीच महिन्यांनी भैयाजींचा फोन आला. मसाला पफचा नवा खोका आला होता. पाकीट, चित्र, किंमत सगळं तेच. त्यांनी जुन्या पाकिटाचा कापून ठेवलेला तुकडा शेजारी धरून अक्षरं जुळवली होती. "दीदी, इसमें नीचे एक लाइन ज़्यादा है." मी फोटो मागवला. मसाल्याच्या कंसात मिल्क सॉलिड्स आले होते. खोका त्यांनी मी सांगायच्या आधीच खाली उतरवून ठेवला होता. मी लगेच मुलाच्या आईला फोन लावला, कारण घरच्या डब्यात तेच पफ होते.