दहावीच्या मुलांशी बोलताना मी काय वगळलं

निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी दोन शब्द बोलायचे, हे ठरलेलंच असतं. बहुतेक वेळा ते शब्दही ठरलेले असतात: आयुष्याचं वळण, आईवडिलांचे कष्ट, शाळेचं नाव. यंदा भाषण लिहायला बसण्याआधी मी दहावीच्या दोन्ही तुकड्यांतून चिठ्ठ्या मागवल्या. नाव लिहायचं नाही, परीक्षेबद्दल सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ते एका ओळीत लिहायचं, एवढीच सूचना होती.

अभ्यास पूर्ण झाला नाही, असं लिहिणारे होतेच. पण बऱ्याच चिठ्ठ्या वेगळ्याच निघाल्या. 'पेपर हातात आला की सगळं विसरलं तर?' 'पर्यवेक्षक शेजारी येऊन उभे राहिले की हात थरथरतो.' 'बैठक क्रमांक लिहिताना चुकलं तर पेपर बाद होतो का?' 'पुरवणी कशी मागायची?' आणि एका चिठ्ठीवर फक्त 'नापास'. या मुलांना प्रेरणेची गरज नव्हती. त्यांना उत्तरं हवी होती. म्हणून मी भाषणाचं टिपण बाजूला ठेवलं आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावले.

काय बोलायचं नाही, हे आधी ठरवलं. 'हे वर्ष वाया गेलं तर पुढचं सगळं अवघड होईल' हे वाक्य अभ्यासाला लावण्यासाठी म्हटलं जातं. आधीच धास्तावलेल्या मुलाच्या कानावर ते धमकी म्हणूनच पडतं. डोक्यात एका वेळी थोडीच माहिती हाताळता येते; त्यातली निम्मी जागा 'नापास झालो तर' या विचाराने अडवली, तर गणित करायला उरते ती निम्मीच. टक्के, मागच्या वर्षीचा निकाल, पहिला आलेला मुलगा हे सगळं मी वगळलं. 'घाबरू नका' हेही वगळलं, कारण ते ऐकून कुणाची भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट, सगळे शांत आहेत आणि मीच घाबरलोय, असं त्या मुलाला वाटू लागतं.

समारंभाच्या गडबडीत हे बोलण्यात अर्थ नव्हता. वेगळा तास घेतला, मुलांना वर्गातच बसवलं आणि पेपरच्या सकाळपासून सुरुवात केली. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला सुरू होतो, पण साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं. हॉल तिकिटावरचा क्रमांक अंकांत आणि अक्षरांत कुठे लिहायचा, बारकोडच्या स्टिकरचं काय करायचं, हे एकेक करून सांगितलं. क्रमांक लिहिताना चुकलं, तर स्वतः खाडाखोड करत बसायचं नाही. हात वर करून पर्यवेक्षकांना सांगायचं, दुरुस्ती त्यांच्यासमोर होते. ते शेजारी येऊन थांबतात तेव्हा बहुतेक वेळा क्रमांक तपासायला किंवा सही करायला आलेले असतात. एवढं कळल्यावर दोन-तीन चेहरे सैल झालेले मला दिसले. दहा मिनिटांबद्दलही सांगावं लागलं. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाचायला मिळायची. २०२३पासून ती अकरालाच मिळते आणि दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली जातात. मोठी भावंडं अजून जुनंच सांगतात आणि मुलं गोंधळतात.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो 'सगळं विसरलं तर' या चिठ्ठीला. उदाहरणाला बीजगणिताचा पेपर घेतला: ४० गुण, दोन तास. पहिला प्रश्न एकेका गुणाच्या उपप्रश्नांचा, ८ गुणांचा. दुसरा १२ गुणांचा, आणि त्यातल्या कृतींमध्ये तर रीत छापलेलीच असते, चौकटी भरायच्या असतात. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांतच अर्धा पेपर आहे. डोकं रिकामं वाटलं तर तिथूनच सुरुवात करायची. पाचव्या प्रश्नाकडे नजरसुद्धा टाकायची नाही.

मग फळ्यावर x² + 10x + 2 = 0 लिहिलं आणि म्हटलं, समजा, सूत्र आठवत नाहीये. काय करशील? पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, सोडून देईन." म्हटलं, सोडायच्या आधी दिसतंय तेवढं तरी लिही. तो फळ्याशी आला. a = 1, b = 10, c = 2 एवढं लिहिलं. मी गप्प राहिले. त्याने खाली b² − 4ac लिहिलं, 100 − 8 = 92 केलं, आणि मग उरलेलं सूत्र त्याचं त्यालाच आठवलं. विसरलेली गोष्ट बहुतेकदा पुसली गेलेली नसते, तिचं टोक हाताला लागलेलं नसतं. माहीत असलेलं लिहीत गेलं की ते सापडतं. नाही सापडलं, तरी बरोबर लिहिलेल्या पायऱ्यांना गुण मिळू शकतात. कोरी जागा सोडली तर तपासणाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

हात थरथरत असेल तर पेन खाली ठेवायचं आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, चार-पाच वेळा. हे तिथल्या तिथे सगळ्यांकडून करून घेतलं. छाती धडधडणं म्हणजे अभ्यास कच्चा असणं नव्हे, शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे, हेही सांगितलं. मात्र या श्वासाने न केलेला धडा येत नाही. मुलांना खोटी आशा नको, म्हणून तेही स्पष्ट बोलले.

'नापास' ही चिठ्ठी मी टाळली नाही. ती टाळली असती, तर ज्याने लिहिली त्याला वाटलं असतं की हे बोलण्यापलीकडचं आहे. निकालानंतर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश घेता येतो आणि राहिलेले विषय नंतर सोडवता येतात. हे नेहमीच्या आवाजात सांगितलं, वेळापत्रक सांगतात तसं. एका शिक्षकांनी नंतर विचारलं, "बाई, याने मुलं ढिली पडणार नाहीत का?" मला तसं वाटत नाही. पुढे काय होणार हेच ठाऊक नसलेलं मूल रात्रभर तोच विचार करत बसतं. पुढचा रस्ता कळला की ते झोपतं, आणि झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसू शकतं.

पालकांना वेगळं बोलावलं. पेपरहून आल्यावर प्रश्नपत्रिका घेऊन उत्तरं जुळवायला बसू नका, 'किती पडतील' असं विचारू नका, जेवायला वाढा. एवढीच विनंती केली. एका वडिलांनी मुलाने नव्वद टक्के कबूल केल्याचं सांगितलं. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, तो आकडा परीक्षा संपेपर्यंत तरी घरात उच्चारू नका. ते तयार झाले.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. बरेच दिवस झोप नाही, जेवण जात नाही, पुस्तक उघडलं की रडू येतं, असं म्हणाली. अशा मुलीला वर्गातलं बोलणं पुरत नाही. तिच्या परवानगीने त्याच दुपारी आईला बोलावलं, समुपदेशकांची वेळ घेतली आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघींना लिहून दिला. तो विनामूल्य आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो. तिच्या विषयशिक्षकांना एवढंच सांगितलं की आठवडाभर तिला सराव पेपर देऊ नका. तो आठवडा ती घरी झोपून उठायच्या वेळा नीट लावत होती, आणि मग पुन्हा बीजगणिताच्या पहिल्या दोन प्रश्नांपासून बसली.