दहा की नव्वद

सोमवार, रात्री

गोदाम सांभाळणाऱ्याला अरबीच वाचता येतं, त्यामुळे ऑर्डर मराठीत आली की तिचं अरबी मीच करून पाठवतो. आज एका प्लंबरनं हातानं लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. वहीचा चुरगळलेला कागद, निळं बॉलपेन, वर त्याच्याच अंगठ्याची सावली. दुकानात गर्दी होती, म्हणून फोटो सरळ भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला.

अरबी झकास उतरलं: अर्धा इंची पाइप, कपलर ८, ९० अंशाचे एल्बो ६, सोल्युशनची एक डबी. फक्त पाइप होते नव्वद.

नव्वद पाइपांना आठ कपलर? सरळ लाइन ओढायची तर जवळजवळ प्रत्येक सांध्याला कपलर लागतो. शिवाय एका डबीत नव्वद पाइपांचे सांधे कुठले चिकटायला!

आधी वाटलं, भाषांतर चुकलं असेल. अरबी मजकूर परत मराठीत करून पाहिला, तर तिथंही नव्वदच. येणारच ना. चूक भाषांतराच्या आधी, फोटो वाचतानाच झालेली होती. पुढं तीच इमानानं इकडून तिकडं गेली. ही उलट तपासणी शब्दांसाठी ठीक आहे, आकड्यांसाठी काही कामाची नाही. तिथं मूळ कागदच बघावा लागतो.

फोटो मोठा केला. पाइपांपुढचा आकडा म्हणजे वर गोल आणि खाली शेपटी. मराठी एक. पण इंग्रजी नऊसुद्धा थेट असाच दिसतो, आणि अ‍ॅपनं तोच धरला. नशीब असं की त्याच कागदावर खरा नऊही होता, एल्बोच्या ९० अंशांमधला. तो मराठी वळणाचा, अगदीच वेगळा. डबीपुढचा एक मात्र पाइपांपुढच्या आकड्याचा जुळा भाऊ.

तरी फोन केलाच. ‘दहाच ना?’ असं मी मुद्दाम विचारलं नाही. घाईतला माणूस कशालाही हो म्हणतो.

“पाइप किती लिहिलेत?”

“दहा. का हो?”

“काही नाही, अक्षर लागत नव्हतं.”

मग अरबीत आकडा खोडून शब्दच लिहिला: अशरा. नव्वदला तिसईन म्हणतात. दोन्ही शब्द लिहिताना इतके वेगळे दिसतात की गल्लत व्हायला वावच नाही. अरबी आकड्यांचा भरवसा मला तसाही कमीच. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका; पेन जरा जास्त टेकलं तरी एकाचे दहा व्हायचे.

फोन ठेवता ठेवता प्लंबर म्हणाला, कपलर दोन जास्त टाका, एखादा फुटतोच. तेवढी ओळ मी अरबीत हातानंच वाढवली, तीही अक्षरांत.